आपली फक्त दोन मिनिटं

पाण्याच्या फिल्टरचा, एसीचा किंवा वॉशिंग मशिनचा माणूस घरी येऊन गेला, की तास-दोन तासांत मोबाईलवर एक निरोप येतो. आमच्या प्रतिनिधीने आज आपल्याकडे भेट दिली. आपली फक्त दोन मिनिटं हवी आहेत. आपल्या उत्तरांमुळे आम्हाला सेवा सुधारता येईल. आपली माहिती गोपनीय राहील. खाली एक दुवा असतो, आणि आपण तो बहुतेक वेळा न उघडताच पुढे जातो.

यातलं पहिलं वाक्य साधी माहिती आहे. उरलेली तीन मात्र नीट बघण्यासारखी आहेत. किती वेळ लागेल, कशासाठी विचारतोय आणि उत्तरांचं काय करणार, ही ती तीन वाक्यं. ती कुणीतरी कधीतरी विचार करून लिहिली होती, त्यामागे प्रयोग होते, आणि त्यांचा अर्थ गेल्या पन्नास वर्षांत बराच बदलला. निरोप मात्र जुन्याच भाषेत येत राहिला. मला या सगळ्यात रस आहे तो त्यामुळेच. शब्द तेच राहतात आणि त्यामागचा व्यवहार पार बदलून जातो, याचं इतकं रोजचं उदाहरण दुसरं सापडायचं नाही.

सुरुवात करू या मधल्या वाक्यापासून, म्हणजे 'कशासाठी'पासून.

अमेरिकेत जे. डी. पॉवर नावाच्या गृहस्थांनी १९६८ साली कॅलिफोर्नियात एक छोटी बाजार-संशोधन संस्था काढली. तिचं नाव झालं ते एका सर्व्हेमुळे. माझदा कंपनीच्या रोटरी इंजिनच्या गाड्या तेव्हा अमेरिकेत नव्याने विकल्या जात होत्या. पॉवर यांनी गाडीमालकांना टपालाने प्रश्नावल्या पाठवल्या. आलेल्या उत्तरांची जुळवाजुळव त्यांच्या पत्नी जूली घरी बसून करत होत्या. ते करताना त्यांच्या लक्षात आलं, की इंजिनातल्या एका रबरी कड्याबद्दलची, म्हणजे ओ-रिंगबद्दलची तक्रार पुन्हापुन्हा येते आहे. तीस ते पन्नास हजार मैल चाललेल्या गाड्यांत पाचातल्या एका मालकाला हा त्रास झालेला होता. १९७३ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने ही बातमी छापली आणि पॉवर यांचं नाव सगळ्या मोटार उद्योगात पोचलं.

या गोष्टीत एक गंमत आहे. एकेकट्या गॅरेजला ही गोष्ट दिसणं अवघड होतं. एका मेकॅनिककडे वर्षात अशा दोन-चार गाड्या येणार, तो त्या दुरुस्त करून देणार आणि विसरून जाणार. गाडीमालकाला तर आपल्या एकाच गाडीचं दुखणं माहीत. शेकडो उत्तरं एका टेबलावर आली तेव्हाच दोष माणसाचा नसून कड्याचा आहे, हे कळलं. 'आपल्या उत्तरांमुळे आम्हाला सुधारणा करता येईल' या वाक्याचा मूळचा, प्रामाणिक अर्थ हा. विचारणाऱ्याला यंत्रातला दोष शोधायचा होता. कोणत्या मेकॅनिकने काम केलं, हा प्रश्नच तिथे नव्हता.

आता तिसरं वाक्य. उत्तरांचं काय करणार?

हे वाक्य नीट घडवलं ते डॉन डिलमन या समाजशास्त्रज्ञाने. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतले हे प्राध्यापक. टपालाने पाठवलेली प्रश्नावली म्हणजे कचऱ्याची टोपली, असा तेव्हाचा समज होता. डिलमन यांनी १९७८ साली एक जाडजूड पुस्तक लिहून दाखवलं, की पत्र नीट लिहिलं तर लोक उत्तर देतात. त्यांच्या पद्धतीने केलेल्या टपाली सर्व्हेंना सरासरी सत्तर टक्क्यांच्या वर उत्तरं येत होती. आज मोबाईलवरच्या निरोपाला शंभरातल्या दहा-पंधरा जणांनी उत्तर दिलं तरी चालक मंडळी खूश होतात, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याचं वजन कळतं.

त्यांचं म्हणणं असं होतं, की अनोळखी माणसाला उत्तर देणं हा एक देवाणघेवाणीचा व्यवहार आहे, पण बाजारातला नव्हे. शेजाऱ्याला विरजण देताना आपण हिशेब करत नाही, पण तो विरजण नासवणार नाही असा विश्वास मात्र धरतो. तसंच हे. म्हणून पत्राने तीन कामं करायची. उत्तर देण्याचे कष्ट कमी करायचे, दिल्याचं काही समाधान पदरात टाकायचं, आणि विचारणारा शब्द पाळेल असा विश्वास बसवायचा. यातली तिसरी गोष्ट त्यांनी फार बारकाईने केली.

एक उदाहरण देतो. प्रत्येक प्रश्नावलीवर एक क्रमांक असायचा, कारण कुणाचं उत्तर आलं आणि कुणाला आठवण पाठवायची हे कळायला हवं. तो कोपऱ्यात बारीक छापून लपवणं सोपं होतं. डिलमन यांनी उलट केलं. क्रमांक उघड छापायचा आणि पत्रातच सांगायचं, की हा क्रमांक फक्त पाठवणीसाठी आहे. आपलं उत्तर आलं की यादीतून आपलं नाव खोडता यावं म्हणून तो घातला आहे, आणि आपलं नाव प्रश्नावलीवर कधीही लिहिलं जाणार नाही. पत्राखाली सही छापील नको, बॉलपेनने दाबून केलेली खरी सही हवी, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. मग एका आठवड्याने सगळ्यांना आभाराचं आणि आठवणीचं एक कार्ड जायचं. तीन आठवड्यांनी, ज्यांचं उत्तर नाही त्यांना नवं पत्र आणि प्रश्नावलीची नवी प्रत. सात आठवड्यांनी शेवटचं पत्र, रजिस्टर टपालासारखं, पोच घेऊन.

म्हणजे 'माहिती गोपनीय राहील' हे नुसतं आश्वासन नव्हतं. त्याच्यासोबत, आम्हाला तुमचा क्रमांक माहीत आहे, तो का माहीत आहे आणि त्याचं आम्ही पुढे काय करू, हे सांगितलेलं होतं. लोकांनी विश्वास ठेवला तो या तपशिलावर.

वेळेचं वाक्य सर्वांत धाकटं. कागदाच्या प्रश्नावलीत ते फारसं लागत नसे, कारण पानं मोजता येत होती. हातात घेतली की चार पानी की बारा पानी ते कळायचं. इंटरनेटवर एक पडदा दिसतो, पुढे किती आहेत ते दिसत नाही. म्हणून आधीच सांगावं लागलं. मग प्रश्न आला, की किती सांगावं?

मिशिगन विद्यापीठात क्रॉफर्ड, कूपर आणि लमायस या तिघांनी यावर एक सुरेख प्रयोग केला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एकच प्रश्नावली दिली. काहींना सांगितलं आठ ते दहा मिनिटं लागतील, काहींना सांगितलं वीस. प्रत्यक्षात लागायची वीसच्या आसपास. ज्यांना कमी वेळ सांगितला त्यांच्यातले जास्त जण सुरुवात करायला तयार झाले, हे अपेक्षितच होतं. पण मधेच सोडून जाणारेही त्यांच्यातच जास्त निघाले. ज्यांना खरा आकडा सांगितला त्यांच्यातल्या कमी जणांनी सुरुवात केली, पण केली ते टिकले.

२००९ मध्ये गालेशिच आणि बॉस्न्याक यांनी दहा, वीस आणि तीस मिनिटं असे तीन आकडे सांगून बघितलं. जितका मोठा आकडा, तितके कमी लोक आले. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. प्रश्नावलीत जो प्रश्न जितका उशिरा आला, त्याची उत्तरं तितकी घाईने दिलेली, तोकडी आणि एकसारखी होती. म्हणजे 'फक्त दोन मिनिटं' म्हणून बोलवायचं आणि बावीस प्रश्न विचारायचे, यात फसवणारा स्वतःच फसतो. शेवटच्या दहा प्रश्नांना लोक सरळ एका रांगेत टिचक्या मारत जातात, आणि तो त्याला ग्राहकांचं मत समजतो.

इथपर्यंतची गोष्ट तशी सरळ आहे. वळण आलं ते नव्वदच्या दशकात, आणि आणलं गाड्या भाड्याने देणाऱ्या एका कंपनीने.

एंटरप्राइज ही सेंट लुइसची कंपनी, १९५७ साली सुरू झालेली. शाखा वाढल्या तशा तक्रारीही वाढल्या. मालकांचे चिरंजीव अँडी टेलर तेव्हा कारभार बघत होते. १९९४ पासून त्यांनी ग्राहकांना विचारायला सुरुवात केली. सुरुवातीच्या लांबलचक प्रश्नावल्या गेल्या आणि शेवटी दोनच प्रश्न उरले: अनुभव कसा होता, आणि पुन्हा आमच्याकडे याल का? पाच पायऱ्यांच्या उत्तरात फक्त सर्वांत वरची पायरी, 'पूर्ण समाधानी', तेवढीच मोजायची. 'बऱ्यापैकी समाधानी' म्हणजे नापास. याचं कारण त्यांच्याच नोंदींत होतं. पूर्ण समाधानी ग्राहक पुन्हा येण्याची शक्यता बऱ्यापैकी समाधानी ग्राहकाच्या सुमारे तिप्पट होती.

पुढचं पाऊल खरं महत्त्वाचं. हा आकडा शाखेवार काढायचा, सगळ्या शाखांना दाखवायचा, आणि ज्याच्या शाखेचा आकडा सरासरीच्या खाली त्याला बढती नाही. एका फटक्यात कंपनीतल्या सगळ्यांचं लक्ष ग्राहकाकडे गेलं. आणि त्याच फटक्यात प्रश्नावलीचं काम बदललं. माझदाच्या वेळी ती कड्यातला दोष शोधत होती. आता ती माणसाला मार्क देऊ लागली.

एंटरप्राइजच्या पद्धतीत दोन पथ्यं होती. एक म्हणजे फोन बाहेरचे लोक करायचे, शाखेतला माणूस नव्हे. दुसरं म्हणजे नाराज ग्राहकाला विचारलं जायचं, की शाखेच्या मॅनेजरने तुम्हाला फोन केलेला चालेल का? 'हो' म्हटलं तरच नाव पुढे जायचं. हे दुसरं पथ्य डिलमनच्या क्रमांकाचं भावंडच आहे: तुमचं नाव कुणाकडे जाणार हे तुम्हालाच विचारून ठरवायचं.

फ्रेड रायकहेल्ड या सल्लागाराने ही पद्धत बघितली आणि डिसेंबर २००३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लेख लिहून ती जगभर पोचवली. आमची शिफारस मित्राला किती कराल, शून्य ते दहा? नऊ-दहा देणारे प्रचारक, सात-आठवाले तटस्थ, शून्य ते सहावाले निंदक. प्रचारकांच्या टक्केवारीतून निंदकांची टक्केवारी वजा करायची, की झाला नेट प्रमोटर स्कोअर. या एका आकड्यावरून कंपनीची वाढ सगळ्यांत चांगली कळते, हा त्यांचा दावा पुढच्या संशोधकांना पटला नाही. २००७ मध्ये जर्नल ऑफ मार्केटिंगमध्ये कायनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी तो तपासून नाकारला. पण तोवर पद्धत घरोघर पोचली होती. अक्षरशः घरोघर, कारण आपल्याकडच्या सर्व्हिस सेंटरांनीही ती उचलली. पथ्यं मात्र बऱ्याच जणांनी तिकडेच ठेवली.

मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे एसीच्या कामाला एक तरुण मुलगा आला होता. काम चांगलं केलं त्याने. आउटडोअर युनिट धुतलं, गॅसचं प्रेशर मला दाखवलं, जाताना फरशी पुसून दिली. दारात चपला घालताना जरा घुटमळला आणि म्हणाला, "काका, मेसेज येईल. दहा द्याल ना? आठ दिलंत तर आम्हाला झिरोच धरतात." मला आधी ही अतिशयोक्ती वाटली. मग सूत्र आठवलं. सात आणि आठ खरंच शून्य धरतात! आपल्याला शाळेत ऐंशी टक्के म्हणजे पेढे वाटायचे मार्क. या गणितात ऐंशी टक्क्यांना किंमत नाही आणि साठ टक्के म्हणजे उणे.

मला आलेल्या निरोपात मात्र यातलं काहीच नव्हतं. 'आपल्या उत्तरांमुळे सेवा सुधारता येईल', एवढंच.

हा आकडा किती डळमळीत असतो तेही बघू या. समजा एका शाखेने महिन्यात २०० घरी भेटी दिल्या आणि ३० जणांनी उत्तर दिलं. २० जणांनी नऊ-दहा, चौघांनी सात-आठ, सहा जणांनी सहा किंवा कमी. प्रचारक ६७ टक्के, निंदक २० टक्के, स्कोअर आला ४७. आता त्या सहांपैकी दोघांना मुलाने दारातच गळ घातली आणि त्यांनी सहाच्या जागी नऊ दिले. प्रचारक झाले २२, म्हणजे ७३ टक्के. निंदक चार, म्हणजे १३ टक्के. स्कोअर ६०. दोन माणसांनी तेरा अंक हलवले. मुळात ३० उत्तरांवर काढलेला हा आकडा नुसत्या योगायोगाने पंचवीस-तीस अंक इकडेतिकडे होऊ शकतो. तरी महिनाअखेरीच्या बैठकीत ४७ आणि ५२ यांतला फरक कुणाच्या तरी इन्सेन्टिव्हचा फरक ठरतो. उत्तर न दिलेल्या १७० घरांबद्दल तर कुणीच काही बोलत नाही.

आकडे असे मागून आणलेले आहेत हे ओळखता येतं. सगळी उत्तरं दहा किंवा एक, मधलं कुणीच नाही, अशी रांग दिसली की समजावं. उत्तराची वेळ आणि काम संपल्याची वेळ यांत दोन मिनिटांचं अंतर असेल, तर मुलगा अजून दारातच उभा आहे, कदाचित फोन त्याच्याच हातात आहे. आणि सगळ्यांत पक्की खूण म्हणजे, दहापैकी दहा मिळालेल्या घरून महिन्याभरात त्याच यंत्राची तीच तक्रार पुन्हा आली का ते बघणं. अशी घरं वाढत असतील तर दहाचा आकडा यंत्राबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त ग्राहकाचं मन किती मऊ आहे ते सांगतो. दोष त्या मुलाचा नाही. पगार आकड्याला बांधला की माणूस आकड्याची काळजी घेणारच. पद्धतीच्या जनकालाही हे पुढे कबूल करावं लागलं. २०२१ मध्ये रायकहेल्ड यांनी त्याच नियतकालिकात लिहिलं, की स्कोअरसाठी गयावया करणं आणि आकडे फिरवणं फार झालं आहे.

मग निरोप कसा असावा? मी लिहिला तर असा लिहीन.

"नमस्कार. मंगळवारी आमचे तंत्रज्ञ आपल्याकडे फिल्टर दुरुस्तीला आले होते. त्याबद्दल पाच प्रश्न विचारायचे आहेत. बहुतेकांना तीन ते चार मिनिटं लागतात. दुरुस्तीनंतरही पाण्याची धार बारीक राहिल्याच्या तक्रारी येत आहेत, त्याचं कारण आम्हाला शोधायचं आहे. आपलं उत्तर सेवा विभागातले दोघेजण वाचतील. तंत्रज्ञांना ते आपल्या नावानिशी दाखवलं जाणार नाही, आणि त्यांचा पगार किंवा इन्सेन्टिव्ह त्यावर ठरत नाही. काम अपुरं राहिलं असेल आणि आम्ही फोन करावा असं वाटत असेल, तर शेवटच्या प्रश्नात तसं सांगा. कामाच्या दोन दिवसांत फोन येईल. उत्तर दिलं नाहीत तरी वॉरंटीत किंवा पुढच्या सेवेत फरक पडणार नाही."

यात 'तीन ते चार मिनिटं' लिहिण्याआधी दहा-बारा जणांना प्रश्नावली भरायला देऊन घड्याळ लावावं लागेल. ऑफिसातल्या लोकांना नव्हे, ते प्रश्न पाठ असल्यासारखे भरतात. हेतूच्या जागी एक नेमकी तक्रार आहे, कारण ती वाचल्यावर ग्राहक नळाकडे जाऊन धार बघून येतो आणि काहीतरी उपयोगाचं सांगतो. 'सेवा सुधारण्यासाठी' वाचून कुणी नळ उघडत नाही.

आणि इन्सेन्टिव्हचं वाक्य खरं नसेल तर ते गाळायचं नाही, उलटवायचं. 'आपण दिलेल्या अंकांचा तंत्रज्ञांच्या मासिक इन्सेन्टिव्हशी संबंध आहे' असं सरळ लिहायचं. मग फिल्टरबद्दलचा प्रश्न आणि माणसाबद्दलचा प्रश्न वेगळे विचारावे लागतील, म्हणजे सुट्या भागाच्या दर्जाची शिक्षा तो बसवणाऱ्याला होणार नाही. असं लिहिलं तर बरेच लोक डोळे मिटून दहा देतील, ही भीती रास्त आहे. पण तसे ते आजही देतातच, फक्त निरोप वाचून नव्हे, तर दारात उभ्या असलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघून. त्या मुलाने एका वाक्यात जे सांगितलं ते कंपनीच्या निरोपात लिहिलेलं असायला हवं होतं.